तिसऱ्या कलमात नाव नव्हतं

नाशकात कचेरीच्या कुंपणाला पाठ लावून पाच-सहा अर्जनवीस बसत. त्यात चौथी बैठक अब्बासमियांची. पुढ्यात उतरतं मेज, दऊत, दोन बोरू, शाई टिपायला वाळूची डबी, आणि बसायला घोंगडीची चौघडी. बाप मालेगावला मागावर बसून मेला, आजाही मागावरच. या एकट्याला मराठी शाळेत मास्तरानं कान धरून बसवलं आणि पोराचं अक्षर असं काही वळलं, की मागाचा धोटा त्याच्या हाती परत आलाच नाही. सन चौतीस उजाडलं तेव्हा त्या घोंगडीवर बसून त्याला अठरा वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, नजर उतरली होती, पण मोडी अशी पळायची की शेजारचे बामण अर्जनवीसही मान तिरकी करून बघत.

त्याला घडवलं होतं भिकाजीपंत नावाच्या म्हाताऱ्या अर्जनवीसानं. तोंड तंबाखूनं भरलेलं, बोलला की अर्ध्या कागदावर शिंतोडे. पण माणूस पक्का. तो सांगायचा, "अब्बास, सरकारात 'अमक्यानं मला मारलं' असं लिहायचं नाही. सायबाला ते भांडण वाटतं. 'अमके यांजकडून मजला मारहाण करण्यात आली' असं लिहावं. मारणाऱ्यालाही 'यांजकडून' म्हणायचं, त्यात आपलं काय जातं? अदब राहते, आणि मारणाराही राहतो. पण ते 'अमके यांजकडून' गाळलंस ना, की मागं फक्त मारहाण उरते. मग ती वाऱ्यानं केली का भुतानं केली, कोण सांगणार?"

आणि शेवटी पिंक टाकून म्हणायचा, "करणारा आणि त्यानं केलेलं, दोघांना एकाच कलमात बसव. वेगळ्या कलमात ठेवलास, तर करणारा वाटेतच गळतो."

कचेरीची रीतच तशी होती. अर्ज लांबलचक, कलमं पाच-सात. वरचा कारकून त्यातलं तक्रारीचं कलम तेवढं लाल पेन्सिलीनं खुणावणार. खालचा कारकून तेवढंच अर्ध्या तावावर उतरवणार. आणि चौकशीसाठी जो कागद गावोगाव फिरणार तो अर्ज नव्हे, तो हा उतारा. अख्खा अर्ज दप्तरात झोपलेला. हे अब्बासमियांला आपल्या दाढीइतकं ठाऊक होतं. नव्यानं बसणाऱ्या पोरांना तोच शिकवायचा. म्हणून पुढं जे झालं त्याला त्यानं चूक म्हणावं तरी पंचाईत, आणि न म्हणावं तरी पंचाईत.

चैत सरत होता. हरसूलकडच्या एका पाड्यावरचा गोटीराम आणि त्याची बायको कुसाबाई आदल्या दिवशी पहाटेचे चालायला लागून दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात कचेरीपाशी पोचले. गोटीराम उंच, वाळका, लंगोटीवर एक जुना कोट. बाई ठेंगणी, काळी कुळकुळीत, डोळे असे की समोरच्याला पापणी हलवू देणार नाहीत.

"मुनशी तुमीच का?" तिनंच विचारलं. "अर्ज पायजेल. जंगलसायबाला."

"बसा आधी. पाणी प्या. काय झालं?"

गोटीराम उकिडवा बसला. "सहा साग तोडला मी."

"सरकारी जंगलातले?"

"व्हय. तोडला नाय असा नाय म्हणत. पर खंडेराव गार्डानं सांगला म्हून तोडला. त्यानंच झाडांना चुना लावला, हा तोड, हा तोड. उभा राहून तोडून घेतला."

"त्याला कशाला पाहिजे होते?"

"दिंडोरीला घर बांधतोय ना तो!" कुसाबाई मध्येच बोलली. "तुळया पायजेल त्याला. आन् रेंजर अवचित आला, लाकडा नाल्यात पडलेली दिसली, मंग हा गार्ड काय करतो? ह्याचाच दंड धरला. म्हंतो, सायेब, चोर गवसला!"

"मजुरी दिली होती काही?"

"मजुरी?" गोटीराम हसला. हसला म्हणजे दात दिसले, एवढंच. "जंगलात ऱ्हायाचा तर गार्डाचा काम करायाचाच. त्याला काय मजुरी?"

प्रकरण अजून कोर्टात गेलं नव्हतं. जंगलसाहेबाच्या मनात आलं तर तो आपल्या पातळीवर ते मिटवू शकत होता. त्याला एवढंच पटायला हवं होतं, की कुऱ्हाड गोटीरामची असली तरी हुकूम गार्डाचा. पटलं नाही, तर खटला, आणि खटला म्हणजे तुरुंग. आषाढात भात लावायचं होतं. घरात दुसरा पुरुष नव्हता. लावणी चुकली तर वर्षाचं अन्न गेलं, हे कुसाबाईनं तीनदा सांगितलं, आणि तीनही वेळा तेच शब्द, तोच सूर.

अब्बासमियांनं बोरू उचलला. मनात कलम तयारच होतं. 'गार्ड खंडेराव यांनी समक्ष उभे राहून दाखविलेले सहा साग त्यांचेच हुकुमावरून अर्जदाराकडून तोडविण्यात आले.' अदब सांभाळली, शिवी नाही, ओरड नाही. गार्ड आहे, हुकूम आहे, कुऱ्हाड आहे, आणि कोण कुठे उभं होतं ते आंधळ्यालाही दिसेल. भिकाजीपंत असता तर मांडीवर थाप मारली असती.

तेवढ्यात समोरच्या चहाच्या दुकानातून हाक आली.

"काय अब्बासमियां! आज रानातलं गिऱ्हाईक?"

खाकी डगला, पायात चामडी पट्ट्या, मिशीला तेल. खंडेराव गार्ड. कशाला आला होता कोण जाणे, कदाचित एवढ्याचसाठी. बशी फुंकत फुंकत तो तिथूनच बोलला, "आणि फारुखच्या गाड्या परवा बिनबोभाट पोचल्या ना? मीच म्हटलं नाक्यावर, आपल्या अब्बासमियांचा मेहुणा आहे, बांबू काय मोजत बसता, जाऊ द्या!"

फारुख हा ताहेराचा, म्हणजे अब्बासमियांच्या बायकोचा, धाकटा भाऊ. दोन बैलगाड्या होत्या त्याच्या. हरसूलकडचा बांबू पासावर आणून नाशकात बुरुडांना घालायचा. पास लिहायचा गार्ड. गार्डानं हात आखडला की गाड्या नाक्यावर उभ्या, बैल दावणीला, आणि फारुखची पाच तोंडं ताहेराच्या चुलीशी.

"मेहरबानी," अब्बासमियां म्हणाला. तोंडातून निघून गेलं ते.

कुसाबाईनं गार्डाकडे पाहिलं, मग मुनशीकडे पाहिलं.

अब्बासमियांनं बोरू दऊतीत बुडवला, कडेला निथळला, परत बुडवला. आणि कलमं लिहिली पाच. पहिल्या कलमात: 'सदर जंगलात गार्ड खंडेराव यांची नेमणूक असून अर्जदार त्यांचे हाताखाली सांगेल ते काम करीत आला आहे.' दुसऱ्यात गोटीरामची गरिबी. तिसऱ्यात: 'हुकूम झाल्यावरून फाल्गुन महिन्यात सहा साग अर्जदाराकडून तोडण्यात आले.' चौथ्यात लाकडं नाल्यात सापडली, पाचव्यात मेहरबानीची विनंती.

स्वतःशी त्यानं हिशेब लावला तो असा: नाव तर आलं. पहिल्यातच आलं. हुकूमही आला. जंगलात हुकूम करणारा दुसरा कोण असतो? वाचणारा काय दूधपितं पोर आहे? जोडून घेईल. आणि खंडेरावानं उद्या विचारलं तर सांगता येईल, गार्डसाहेब, मी तुमची नेमणूक सांगितली, दुसरं काय लिहिलं? दोन्ही डगरींवर पाय ठेवून अब्बासमियांनं वाळू टाकली आणि कागद झटकला.

अर्ज वाचून दाखवणं हा त्याचा नेम. त्यानं वाचला. गोटीराम मान हलवत राहिला. सरकारी मराठी म्हणजे त्याला देवाचं संस्कृत. कुसाबाई मात्र तिसऱ्या कलमापाशी अडली.

"गार्डाचा नाव आला का?"

"आलं की. पयल्याच कलमात."

"पर हुकूम त्यानं दिला, हा आला का?"

"अगं बाई, 'हुकूम झाल्यावरून' लिहिलंय ना. सरकारात असंच लिहितात. समजतं ते."

"कोणाला समजतं?"

"सायबाला."

"सायेब आमच्या पाड्यावं आलाय का कधी?" ती म्हणाली. "त्याला कसा समजल, कोण हुकूम देतो ते?"

"कुसे, गप," गोटीराम म्हणाला. "मुनशी शिकलेला हाय. अठरा वर्सं लिवतो."

आणि त्यानं अंगठा दिला. जाड, भेगाळलेला अंगठा. शाई भेगांत उतरली, कागदावर रेघा धड उमटल्याच नाहीत. दुसऱ्यांदा द्यावा लागला.

घरी ताहेरानं विचारलं, "आज गुमसुम का? फारुख आला होता, गार्डसाहेबाची लय तारीफ करत होता."

"करू दे," म्हणाला आणि ताट सारून उठला.

वीस दिवस गेले. जंगल कचेरीतला कारकून गोरक्ष अधूनमधून अब्बासमियांपाशी पान खायला येई. सरळ माणूस, कागद इकडून तिकडे करण्यापलीकडे त्याचा कोणाशी उभा दावा नाही. त्यानं पानाला चुना लावता लावता सांगितलं, "तुमच्या त्या हरसूलवाल्याचं आलं हो उत्तर. रेंजरचं."

"काय आलं?"

"काय यायचं? आमच्याकडून तिसऱ्या कलमाचा उतारा गेला होता चौकशीला. त्यावर रेंजरनं गार्डाकडून खुलासा घेतला, आणि गार्डाच्याच खुलाशावर सही ठोकली." त्यानं डोळे मिटून पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, "'झाडे आपण तोडल्याचे अर्जदार स्वतः कबूल करीत आहे. हुकूम कोणाचा ते अर्जदार सांगत नाही. या रेंजमधून तसा कोणताही हुकूम देण्यात आलेला नाही.' सायेब म्हणाले, आता मिटवायचं काय राहिलं? कबुलीच आहे. पाठवा मामलेदाराकडे."

अब्बासमियांचं पान हातातच राहिलं.

"पहिल्या कलमात नाव होतं, गोरक्ष."

"असेल. पहिलं कलम कोण उतरवतं? नेमणुकीचं कलम ते. तक्रार तिसऱ्यात. तुम्हाला मी सांगायचं का हे?" गोरक्षनं पान तोंडात सारलं. "मला तर वाटलं, गार्डाचं नाव नाही म्हणजे गार्डानं सांगितलंच नसेल. तुम्ही लिहिलेला अर्ज. तुमच्या अर्जात करणारा कधी राहत नाही."

ते शेवटचं वाक्य त्यानं मान देऊन म्हटलं होतं. चपलेनं मारलं असतं तर बरं, असं अब्बासमियांला झालं.

त्यानं त्याच दिवशी पुरवणी अर्ज लिहिला. आता जे पहिल्या दिवशी मनात होतं तेच्या तेच, 'समक्ष उभे राहून दाखविलेले', 'त्यांचेच हुकुमावरून', 'तोडविण्यात आले'. हरसूलच्या आठवड्याच्या बाजारी स्वतः गेला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि गोटीरामला गर्दीत हुडकून अंगठा घेतला. कुसाबाई कांद्याच्या ढिगापाशी उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आधीचा बिघडला का?"

"बिघडला नाही. जरा... कमी पडला."

"कमी पडला का कमी लिवला?"

अब्बासमियांनं कागदाची घडी घालायला लागलेला वेळ जरा लांबवला.

पुरवणी अर्ज घेताना हेडक्लार्क हसला. "वा! रेंजरचा रिपोर्ट आल्यावर गार्ड आठवला का याला? आधी हुकूम झाला होता, आता हुकूम करणारा उगवला!" कागद नत्थी झाला. मागाहून सुचलेलं म्हणून त्याला कोणी किंमत दिली नाही. उलट पहिल्या अर्जावरचा विश्वासच त्यानं उडवला.

मामलेदारापुढे खटला उभा राहिला तो जेठ सरता सरता. मामलेदार वाईट माणूस नव्हता. हे अब्बासमियांनं पुढे अनेकांना सांगितलं. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्यानं अख्खा अर्ज वाचला, पहिल्या कलमापासून. म्हणाला, "कलम एकात गार्डाची नेमणूक सांगितली आहे. त्यानं हुकूम दिला असं सांगितलेलं नाही. कलम तीनमध्ये हुकूम आहे, देणारा नाही. यावरून मी गार्डाला कसा ओढून आणू?"

खंडेराव बाजूला उभा होता. सरळ, नम्र, नजर जमिनीला.

गोटीरामला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "त्यानं सांगला, म्हून तोडला." मामलेदारानं विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? गोटीराम गोंधळला. "सांगला ना! मुनशीला सांगला!" आणि त्यानं मागे वळून बोट दाखवलं. त्यात राग नव्हता. आपला माणूस बसलाय, तो सांगेल, एवढंच.

अब्बासमियां उठला. अर्जनवीसानं साक्षीला उभं राहणं म्हणजे भटानं स्वतःच्या लग्नात मंत्र म्हणण्यापैकी, पण उठला. शपथ झाली.

"आरोपीनं तुम्हाला गार्डाचं नाव सांगितलं होतं?"

"जी. सांगितलं होतं."

"मग तिसऱ्या कलमात ते का नाही?"

"लिहिण्यात राहून गेलं, हुजूर."

मामलेदारानं चष्म्यावरून पाहिलं. "राहून कसं जातं? तुम्ही अठरा वर्षं लिहिता. माझ्यापुढं तुमचे शेकड्यानं अर्ज आले. कधी काही राहिलेलं मला आठवत नाही."

कोर्टात पंखा ओढणारा दोरी ओढत होता, तिचा कुरकुर आवाज येत होता. भिंतीशी कुसाबाई बसली होती. दाराशी फारुख उभा होता; गाड्या सोडून का आला होता, ते विचारायची गरज नव्हती.

"मी गाळलं," अब्बासमियां म्हणाला. "गार्डसाहेब समोर बसले होते. माझ्या मेहुण्याच्या गाड्या त्यांच्या पासावर चालतात. मी भ्यालो, आणि नाव एका कलमातून काढून दुसऱ्यात ठेवलं."

अठरा वर्षांत इतकं उघडं वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, कागदावर तर नाहीच. क्षणभर त्याला वाटलं, झालं, सुटलं. मामलेदारही थोडा वेळ लिहायचा थांबला.

मग फॉरेस्टच्या बाजूचा वकील उठला. त्याला फारसे कष्ट पडलेच नाहीत. "म्हणजे मियां, तुम्ही भीतीनं किंवा मुलाहिजानं कागदात मजकूर फिरवता, हे तुम्हीच कबूल करता. मग आज कोणाच्या मुलाहिजानं बोलताय, हे कोर्टानं कसं ओळखावं?"

अब्बासमियां पिंजऱ्यातून खाली उतरला.

निकाल दोन दिवसांनी लागला. अब्बासमियांनं नक्कल स्वतः उतरवून घेतली. मामलेदाराचा लिहिता हात स्वच्छ होता. 'आरोपी गोटीराम याने सरकारी जंगलातील सहा साग तोडले, असे शाबीत होत आहे. हुकुमाबद्दलचा बचाव मागाहून उभा करण्यात आलेला दिसतो. सबब आरोपी यास तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा देण्यात येत आहे.' करणारा आणि केलेलं, दोन्ही एका वाक्यात, शेजारी शेजारी, कोणालाही शंका येणार नाही असं. अब्बासमियांनं ते वाक्य उतरवताना एकदाही बोरू उचलला नाही. इतकं चांगलं बांधलेलं वाक्य त्याच्यापुढं बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

तीन महिने म्हणजे आषाढ, श्रावण, भादवा.

चार दिवसांनी फारुख चतकोर तोंड करून घरी आला. गार्डानं पास बंद केले होते. म्हणजे ज्याच्यासाठी नाव गाळलं तेही गेलं. ताहेरा भावाला भाकरी वाढत होती, नवऱ्याशी बोलत नव्हती. "कोर्टात खरं बोलायचं होतं तर कागदावर बोलायचं," तिनं शेवटी चुलीकडे तोंड करून म्हटलं. "नाहीतर दोन्हीकडे चूप बसायचं."

कुसाबाई आली ती त्यानंतर. एकटीच. मेजापुढे बसली. अब्बासमियांनं न विचारता नवा ताव काढला. तुरुंगात भेटीची परवानगी मागायची असेल, त्याला वाटलं. आणखी काय मागणार?

"नवा नको," ती म्हणाली. "तो पयला अर्ज हाय का? त्याची नक्कल?"

होती. तो स्वतःजवळ प्रत ठेवायचा. त्यानं दप्तर सोडून काढली आणि तिच्यापुढे धरली. तिला मोडी काय, बाळबोधही येत नव्हतं.

"ह्यात आमच्या मालकाचा नाव कुठं कुठं हाय? बोट ठेवा."

त्यानं ठेवलं. वर नावानिशी, आणि मग 'अर्जदार' म्हणून. पहिल्या कलमात. दुसऱ्यात. तिसऱ्यात. चौथ्यात, पाचव्यात, आणि खाली अंगठ्यापाशी.

"आन् गार्डाचा?"

त्यानं पहिल्या कलमावर बोट ठेवलं.

"येकच?"

"एकच."

ती त्या एका शब्दाकडे बराच वेळ बघत राहिली. शिवी देईल, रडेल, कागद फाडेल, अशी अब्बासमियांनं वाट पाहिली. काही करती तर त्यालाही बरं वाटलं असतं.

"भेटीचा अर्ज लिहून देऊ का?" त्यानं विचारलं. "काही घेणार नाही मी."

"तिकडून लिवून घेतला," ती म्हणाली, आणि पाचव्या बैठकीवरच्या अर्जनवीसाकडे हनुवटी केली. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, त्याला नीट कलमही पाडता येत नव्हतं. "त्याला म्हनला, मी बोलल तसाच लिव. त्यानं लिवला."

पदर डोक्यावर घेऊन ती उठली. हरसूलकडची वाट लांब होती, आणि शेतावर कोणीच नव्हतं.